न खाल्लेली साखर

रात्री झोपताना १२८, सकाळी उठल्यावर १५८. मधल्या सात तासांत पोटात गेलं ते फार तर घोटभर पाणी. ग्लुकोमीटरवर असा आकडा दिसला की घरात चौकशी सुरू होते. कालच्या आमटीत गूळ जास्त पडला होता का? शेजारून आलेल्या डब्यातला पेढा कुणी संपवला? रात्रीची गोळी घेतली होती ना? गोळी घेतलेली असते आणि पेढा नातवाने खाल्लेला असतो. तरीही पथ्य आणखी आवळलं जातं. रात्रीची एक पोळी कमी होते, भात बंद होतो. दोन दिवसांनी आकडा येतो १६२.

कारण ही साखर ताटातून आलेलीच नसते. ती लिव्हरने रात्रीतून रक्तात सोडलेली असते. लिव्हरने ती किती सोडावी हे ठरवणाऱ्या हार्मोन्सवर मनावरच्या ताणाचा आणि झोपेचा थेट हात चालतो. आहार तोच, औषध तेच आणि तरी शुगर वाढली, असं जेव्हा खरोखर घडतं, तेव्हा पुष्कळदा गोष्ट इथेच अडलेली असते.

आपण जेवत नसतो तेव्हाही मेंदूला ग्लुकोज लागतं. झोपेतसुद्धा तो तासाला साधारण पाच ग्रॅम संपवतो. ही तजवीज लिव्हर करतं. जेवणातून आलेलं जास्तीचं ग्लुकोज ते ग्लायकोजेनच्या रूपात कोठारात धान्य भरावं तसं भरून ठेवतं आणि गरजेप्रमाणे मोकळं करतं. शिवाय प्रथिनांचे घटक, चरबीतून सुटणारं ग्लिसरॉल आणि स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट यांच्यापासून नवं ग्लुकोज बनवण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाचं लिव्हर उपाशीपोटी तासाला सुमारे सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. रात्रीच्या आठ तासांत हे पंचावन्न-साठ ग्रॅम होतं, म्हणजे चहाच्या चमच्याने मोजलं तर बारा-तेरा चमचे साखर. एवढं सुटूनही सकाळचा आकडा जागेवर राहतो, कारण जेवढं सुटतं तेवढंच शरीर वापरतं.

आता हा तोल किती नाजूक आहे ते पाहा. रक्तातली साखर ३० अंकांनी वाढायला किती ग्लुकोज जास्त लागेल? ग्लुकोज फक्त रक्तात राहत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातही पसरतं. साठ किलोच्या माणसात हे सगळं मिळून बारा-तेरा लिटर भरतं. डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. एकूण हिशोब जेमतेम चार ग्रॅमचा, म्हणजे एक चमचाभर साखर. हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. रात्रभरात बारा-तेरा चमचे सोडणाऱ्या लिव्हरने एक चमचा जास्त सोडला आणि तो वापरला गेला नाही, तर १२८चे १५८ होतात. त्यासाठी पेढ्याची गरज पडत नाही.

लिव्हरवर लगाम असतो तो इन्सुलिनचा. इन्सुलिन पुरेसं असलं की लिव्हर हात आखडतं. टाइप टू मधुमेहात हा लगाम आधीच सैल झालेला असतो, कारण लिव्हर इन्सुलिनचं पूर्वीसारखं ऐकत नाही आणि स्वादुपिंडही मागणीइतकं इन्सुलिन पुरवू शकत नाही. विरुद्ध दिशेने ओढणारी हार्मोन्स आहेत ग्लुकॅगॉन, ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन. निरोगी माणसात ही चौघं जरा जोर करू लागली की स्वादुपिंड लगेच जास्त इन्सुलिन सोडून बरोबरी करतं. मधुमेह्याकडे तेवढी शिल्लक नसते. म्हणून एकाच घरातल्या दोघांनी सारखंच जागरण केलं, तरी सकाळी आकडा एकाचाच हलतो.

ताणाने साखर वाढते हे शास्त्राला शंभरहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. हार्वर्डमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९११ साली दाखवलं की बांधून ठेवलेल्या, घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर उतरते. माणसांबद्दलची त्यांची नोंद त्याहून गमतीची आहे. १९१३च्या हंगामातल्या शेवटच्या चुरशीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या पंचवीस जणांची लघवी तपासली गेली. बारा जणांत साखर सापडली. त्यांतले पाच जण राखीव खेळाडू होते, म्हणजे ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते कडेला बसून जीव मुठीत धरून सामना पाहत होते. निरोगी माणसाच्या रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. तेव्हा त्या तरण्याताठ्या, मधुमेह नसलेल्या पोरांची साखर बसल्याजागी कुठवर गेली असेल याचा अंदाज करता येतो.

त्या पोरांमध्ये जे झालं ते मुख्यतः ॲड्रेनॅलिनचं काम. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून ते सुटतं आणि काही मिनिटांत दोन गोष्टी करतं. लिव्हरमधलं ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज मोकळं करतं आणि त्याच वेळी स्वादुपिंडातून सुटणारं इन्सुलिन दाबून धरतं. पळायचं किंवा लढायचं असेल तर स्नायूंना इंधन हवं, म्हणून ही व्यवस्था. साहेबांच्या केबिनमध्ये पळायचंही नसतं आणि लढायचंही नसतं, त्यामुळे सुटलेली साखर रक्तातच राहते. पण ॲड्रेनॅलिन जितक्या झटक्यात येतं तितक्याच झटक्यात ओसरतं. एखाद्या भांडणाने किंवा लोकल चुकल्याने सकाळच्या आकड्याचं फारसं काही बिघडत नाही.

इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. टाइप वन मधुमेह असलेल्या लोकांना परीक्षकांसमोर उभं करून भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेवणानंतर असा ताण दिला तेव्हा चढलेली साखर उतरायला उशीर लागला, पण उपाशीपोटी दिला तेव्हा साखरेत फरक दिसला नाही. म्हणजे ‘टेन्शन आलं आणि शुगर वाढली’ हे वाक्य आपण म्हणतो तितकं सरसकट खरं नाही. ताण किती वेळ टिकतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या ताणात जास्त काम करतं ते दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल.

कॉर्टिसॉलचं काम सावकाश चालतं आणि तासन्‌तास टिकतं. ते लिव्हरला नवं ग्लुकोज बनवायला लावतं, त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंतून आणि चरबीतून काढून देतं आणि स्नायूंना इन्सुलिनबद्दल बेफिकीर करतं. याची खात्री पटवायला प्रयोगशाळेत जायला नको. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारासाठी दिली जाणारी प्रेडनिसोलोनची गोळी ही कॉर्टिसॉलच्याच घराण्यातली. ती सुरू झाली की मधुमेह्याची शुगर कशी उसळते हे ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळा पुरावा लागत नाही. २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड घेतलेल्या कितीतरी जणांच्या शुगर हाताबाहेर गेल्या आणि त्यातूनच महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण इतक्या संख्येने दिसले. आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल त्या डोसाच्या तुलनेत किरकोळ असतं, पण दिशा तीच असते.

आणि या कॉर्टिसॉलला घड्याळ असतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असतं, पहाटे दोन-तीननंतर चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दिवसातली सर्वांत वरची पातळी गाठतं. दिवसभर मग ते उतरत जातं. पहाटेच्या या चढाला रात्री सुटलेल्या ग्रोथ हार्मोनची जोड मिळते आणि लिव्हर साखर सोडू लागतं. निरोगी शरीर ही पहाटेची लाट इन्सुलिनने जिरवतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात ती आकड्यात उमटते. डॉक्टर हिला ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात. लाट उठल्यानंतरही चालूच राहते, म्हणून अंथरुणातून उठल्याउठल्या घरी १४० दाखवणारा माणूस काही न खाता रिक्षाने लॅबमध्ये जाऊन साडेआठला रक्त देतो तेव्हा रिपोर्टवर १५५ येतात. मग घरचं मशिन खोटं ठरतं. बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

ही लाट अधिक उंच करायची असेल तर झोप मोडावी. शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. नंतर रक्तात ग्लुकोज सोडून ते किती वेगाने कमी होतं ते मोजलं. भरपूर झोपेनंतर हेच मोजलं होतं, त्याच्या तुलनेत वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावला होता. संध्याकाळी जे कॉर्टिसॉल उतरायला हवं ते वर राहिलं होतं. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं की इन्सुलिनचा प्रभाव चतकोराने घटायला सहा रात्रीही लागत नाहीत, चार तासांची एकच रात्र पुरते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो शिकागोतलाच २००८ सालचा प्रयोग. त्यात तासांना हातच लावला नाही. नऊ निरोगी तरुण पूर्ण वेळ झोपले, फक्त ते गाढ झोपेत शिरू लागले की खोलीत आवाज केला जाई. आवाज इतकाच की जाग येऊ नये, पण झोप उथळ व्हावी. तीन रात्रींत इन्सुलिनचा प्रभाव पंचवीस टक्क्यांच्या आसपास घसरला. गाढ झोपेच्या त्या टप्प्यात कॉर्टिसॉल दबलेलं असतं आणि ॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या मज्जासंस्थेलाही उसंत मिळते. तो टप्पा हिरावला तर अंथरुणात काढलेले सात तास कागदावरच राहतात. आपल्याकडे हा आवाज करायला संशोधक लागत नाहीत. रस्त्याकडेची खोली, मंडपातला लाऊडस्पीकर, उशाशी ठेवलेला मोबाइल ते काम चोख बजावतात. सर्वांत पक्कं करतं ते घोरणं. घोरता घोरता श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू खाली येतो, शरीर दचकून श्वास ओढतं आणि प्रत्येक दचक्याला ॲड्रेनॅलिन सुटतं. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णात हे तासाला पंधरा-वीस वेळा, कधी त्याहून जास्त होतं आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. ‘मला तर पडल्यापडल्या झोप लागते’ असं तो अभिमानाने सांगतो. बायकोला विचारावं.

हे सगळं एका माणसात कसं दिसतं ते आता आकड्यांत पाहू. माणूस उदाहरणासाठी उभा केलेला आहे, पण अशा वह्या कोणत्याही मधुमेहतज्ज्ञाच्या टेबलावर येतात. वय त्रेपन्न, कल्याणला घर, एका सहकारी बँकेत शाखाधिकारी. आठ वर्षांचा मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅम. जानेवारी-फेब्रुवारीत उपाशीपोटी ११० ते १२४, जेवणानंतर १५०च्या आसपास. मग मार्च एंड आला. थकीत कर्जांची वसुली, ऑडिटर शाखेत, घरी यायला साडेनऊ. अंथरुणात पडायला साडेबारा, आणि पडल्यावरही डोक्यात एनपीएची यादी. पहाटे पाचला गजर. पंधरा दिवसांत उपाशीपोटीचा आकडा १५०-१६५वर गेला, जेवणानंतरचा १७५ झाला. घरातला डबा तोच, गोळ्या त्याच.

पहिली तपासणी ‘तोच’ या शब्दाची करायची. झोप कमी झाली की भूक वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्याची. आणि मार्च एंडला बँकेत साखरेचा चहा आणि सामोसे कुणी मागवत नाही, ते येतात. आमच्या या शाखाधिकाऱ्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं तर दिवसाला दोन चहा वाढलेले निघाले. त्यामुळे दुपारच्या आकड्यातली काही वाढ समजते. पण पहाटेच्या ४० अंकांची चढण दुपारी चारच्या चहाने होत नाही. ती शोधायला एक साधा उपाय आहे. रात्री झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशी तीन वेळा शुगर पाहायची आणि हे सलग न करता आठवड्यात दोन-तीन रात्री करायचं.

त्याच्या दोन रात्री अशा निघाल्या: १३४, १३१, १५९ आणि १४१, १३८, १६३. झोपताना ठीक, तीनला ठीक, चढ तिथून पुढचा. म्हणजे रात्रीचं जेवण निर्दोष आहे आणि साखर पहाटे लिव्हरने सोडलेली आहे. झोपतानाच आकडा १९० असता आणि सकाळीही १८५ राहिला असता, तर बोट रात्रीच्या उशिरा, घाईच्या जेवणाकडे दाखवावं लागलं असतं. आणि तीन वाजता ६२ येऊन सकाळी १७० आले असते, तर अर्थ एकदम उलटा. शुगर रात्री फार उतरली होती, औषध जास्त होत होतं, आणि अशा वेळी गोळी वाढवणं धोक्याचं ठरलं असतं. सकाळचा एकच आकडा पाहून या तिघांतला फरक कळत नाही.

या आकड्यांना किती मानायचं याचीही मर्यादा आहे. घरगुती ग्लुकोमीटरला १००च्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा मानकांनीच दिली आहे. खरी साखर १४० असताना मशिनने १२५ किंवा १५५ दाखवलं तरी ते नापास होत नाही. म्हणून एका सकाळच्या दहा-पंधरा अंकांवर निदान करू नये. चढ पुन्हा पुन्हा त्याच तासांत दिसला तरच तो खरा. दुसरी अडचण म्हणजे झोपेचा परिणाम पाहण्यासाठी तीनचा गजर लावून झोप मोडणं. हा विरोधाभास दंडावर चिकटवायच्या सेन्सरने सुटतो. तो सुमारे दोन आठवडे रात्रंदिवस आलेख काढतो, मधुमेहतज्ज्ञ गरजेपुरता एकदा लावून देतात. त्यातही एक गफलत होते. सेन्सर लावलेल्या कुशीवर माणूस झोपला की तिथे दाब पडून खोटाच खोल खड्डा दिसतो. मध्यरात्री ५५ दाखवलं आणि माणूस ठणठणीत वाटत असला, तर बोटाला सुई टोचून खात्री करूनच साखर खावी.

आता त्याच्या गोळ्यांचं काय? ताण आहे, उतरेल, म्हणून सोडून द्यावं का? तीन आठवड्यांची गोष्ट असेल तर बहुतेक डॉक्टर वाट पाहतील. तीन महिने हेच चाललं तर मात्र हिशोब एचबीएवनसीवर येतो. एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी साखर १५४. सरासरी वीस अंकांनी वाढून १७४ झाली आणि तिथेच टिकली, तर ती ७.७ होते. डोळे आणि मूत्रपिंडं ही साखर ताणाने आली की श्रीखंडाने, हे विचारत नाहीत. तेव्हा ‘टेन्शनमुळे आहे’ हे कारण आहे, माफी नव्हे.

पण औषध वाढवायचं तर कोणतं, याला महत्त्व आहे. ग्लिमेपिराइड दिवसभर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. ते दुप्पट केलं की पहाटेचा आकडा थोडा खाली येईल, पण त्याचा मारा दुपारी बारा-एकलाही चालू राहील, आणि तेव्हा जेवायला उशीर झाला तर हात थरथरणं, घाम, डोकं हलकं होणं ठरलेलं. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरवरच काम करतं, म्हणून पहाटेच्या चढासाठी डॉक्टर अनेकदा रात्रीच्या मेटफॉर्मिनचा विचार आधी करतात. मूत्रपिंडं कशी आहेत, वजन किती आहे, आणखी कोणती औषधं चालू आहेत हे पाहून ते ठरतं. म्हणून रुग्णाने स्वतः गोळी न वाढवता ती तीन वेळांची वही पुढे करावी. वहीत आकड्याशेजारी किती वाजता झोपलो आणि रात्री किती वेळा उठलो हेही लिहिलेलं असलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

रात्रीचं जेवण टाळण्याचा उपाय इथे बरेच जण करून पाहतात. पहाटेच्या साखरेला तो लागू पडत नाही, कारण कोठाराचं दार कॉर्टिसॉलने उघडलेलं असतं, आणि उपाशी पोट हा शरीराला आणखी एक ताणच. शिवाय ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळणं सरळ धोक्याचं. उपयोग होतो तो झोपेची वेळ मागे ओढण्याचा. साडेबाराचे साडेअकरा झाले तरी तासभर झोप जास्त हाती लागते. घोरणं, दिवसा डुलक्या आणि सकाळी जड डोकं हे तिन्ही असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वासाचं मशिन लावल्याने शुगर हमखास उतरते असं मात्र म्हणता येत नाही. त्याबाबतच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, आणि रात्रीतून मशिन किती तास लावलं यावर पुष्कळ ठरतं. ताणाबद्दलही तसंच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका अभ्यासात मधुमेह्यांना गटात बसवून शरीर सैल सोडायला आणि काळजीचे विचार हाताळायला शिकवलं, तेव्हा वर्षअखेरीला एचबीएवनसी सरासरी अर्ध्या टक्क्याने कमी झाली. एखाद्या साध्या गोळीच्या जवळपास जाणारा हा परिणाम आहे. चमत्कार नाही आणि नगण्यही नाही.

एक सावधगिरी. शुगर वाढली की सगळं ताणाच्या खात्यावर टाकण्याची सवयही वाईट. खांदा आखडला म्हणून सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही दिवस साखर वर ठेवतं आणि मधुमेह्यांचेच खांदे जास्त आखडतात. दाताच्या मुळाशी साचलेला पू, लघवीचा संसर्ग, पायाची न दिसलेली जखम, उन्हाळ्यात गाडीत राहून निकामी झालेलं इन्सुलिनचं पेन, यांतलं काहीही कारण असू शकतं. आकडा ओळीने २५०च्या वर राहत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, वजन उतरत असेल किंवा ताप असेल तर झोपेचा हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. झोप आणि ताण वाढवतात ती साखर सहसा वीस, तीस, पन्नास अंकांची असते.

आणि ज्यांची गोळी अशा काळात वाढवली गेली आहे त्यांच्यासाठी शेवटचं. एप्रिलमध्ये ऑडिटर गेले, झोप परत आली, की लिव्हरचा हात पुन्हा आखडतो आणि मार्चमध्ये पुरेसा वाटलेला डोस जास्त होऊ लागतो. साडेअकराला पोटात खड्डा पडून घाम फुटला आणि मशिनवर ७०च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वाढवलेली गोळी कमी करायची आठवण रुग्णानेच द्यावी लागते, कारण तुमचा मार्च एंड संपला हे डॉक्टरांना कळायचा दुसरा मार्ग नसतो.